मागायचं ते काम नाही, तपासणीची वीस मिनिटं

सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर आलेली, टेबलावर फायलींचे गठ्ठे, आणि आमच्या नळस्टॉपजवळच्या सी.ए. ऑफिसमधली एक आर्टिकल, म्हणजे सी.ए. होण्यासाठी ऑफिसात राहून प्रशिक्षण घेणारी मुलगी, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, मला ऑडिटला पाठवाल का? एप्रिलपासून मी फक्त एंट्र्या करतेय, झेरॉक्स काढतेय आणि बँकेत जातेय." मी म्हटलं, "बघू गं, एवढं संपू दे," आणि पुन्हा फाइलमध्ये डोकं घातलं. ती गेली. संध्याकाळी तिला पुन्हा बँकेत पाठवलं गेलं, आणि पाठवणारी मीच होते.

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तरीही मी तिला काही दिलं नाही. का दिलं नाही, याचा मी त्यानंतर बराच विचार केला, कारण असा प्रश्न विचारणारी ती पहिली मुलगी नव्हती. पुण्यात सी.ए. करायला बार्शी, लातूर, अहिल्यानगरहून मुलं येतात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, सकाळी क्लास करून दहाला ऑफिसात पोचतात. त्यांतल्या कितीतरी जणांचं पहिलं वर्ष टॅलीत खरेदीची बिलं चढवण्यात आणि स्कॅनिंगमध्ये जातं. इंटर्नशिप कुठलीही असो, ही तक्रार ऐकू येतेच. मी मात्र आर्टिकलशिपबद्दलच बोलणार आहे, कारण ती मला आतून माहीत आहे. माझं म्हणणं असं आहे: मुलांनी मागायलाच हवं, पण 'चांगलं काम' मागू नये. ऑफिसात कामाचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो केलेलं काम तपासणाऱ्याच्या वेळेचा. तो वेळ मागावा, आणि तोही मोजून.

आधी हे महत्त्वाचं का झालंय ते सांगते. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. पूर्वी सहा महिने नुसत्या एंट्रीत गेले तर प्रशिक्षणाचा सहावा हिस्सा जायचा. आता तेच सहा महिने म्हणजे चौथा हिस्सा. त्यानंतर सहा महिने अभ्यासाचे आणि मग फायनल. म्हणजे 'पहिलं वर्ष असंच जातं, दुसऱ्या वर्षी शिकशील, तिसऱ्या वर्षी सांभाळशील' हे जे आमच्या पिढीचे प्रिन्सिपल, म्हणजे आर्टिकल ज्यांच्या हाताखाली शिकतात ते सी.ए., म्हणत आले, त्या वाक्यातलं तिसरं वर्षच उरलेलं नाही. कामाची रचना मात्र बऱ्याच ऑफिसांत अजून जुन्या तीन वर्षांच्याच हिशेबाने चालते.

आता त्या सप्टेंबरच्या दिवसाकडे परत येते. 'मला ऑडिटला पाठवा' ही मागणी माझ्या कानावर कशी पडली? ऑडिटला नवा मुलगा न्यायचा म्हणजे त्याच्याबरोबर एक सीनियर हवा, तो काय तपासतोय हे बघायला हवं, क्लायंटच्या अकाउंटंटसमोर त्याने चुकीचा प्रश्न विचारला तर तो सावरायला हवा. ३० सप्टेंबरच्या आत हे सगळं करणारा माणूस माझ्याकडे नव्हता. तिने मागितली होती संधी, पण मला दिसत होते ते माझ्याच माणसाचे दोन दिवस. शिवाय मागणी इतकी मोघम होती की हो म्हटलं तरी उद्या सकाळी तिच्या हातात नेमकं काय द्यायचं, हे मलाच ठरवावं लागलं असतं. जी मागणी समोरच्याला आणखी एक काम लावते, तिला 'बघू' हेच उत्तर मिळतं. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे.

ऑक्टोबरच्या २३ तारखेला ती पुन्हा आली. या वेळी हातात एक कागद होता.

तिने काय केलं होतं ते नीट सांगते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. भोसरीच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपची खरेदीची बिलं ती दर महिन्याला टॅलीत चढवायची. त्या बिलांवर भरलेला जीएसटी वर्कशॉपवाल्याला आपल्या विक्रीच्या करातून वळता करून घेता येतो. ऑफिसात आम्ही त्याला आयटीसी म्हणतो. पण नुसतं बिल हातात आहे म्हणून ती वळती करता येत नाही. विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असावं लागतं, आणि १ जानेवारी २०२२ पासून हा नियम कडक आहे. विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते. तिचं नाव जीएसटीआर-२बी, बोलताना 'टूबी'. आपलं पर्चेस रजिस्टर एका बाजूला, टूबी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही जुळवून बघायचं, याला 'रिको' म्हणतात. २० तारखेला रिटर्न भरायचं असतं, म्हणजे हे सगळं सहा दिवसांत. आमच्याकडे हे काम दुसऱ्या वर्षाचा एक आर्टिकल करायचा. बिलं चढवणारी ही, जुळवणारा तो.

तिने सप्टेंबर महिना घेतला होता. त्याचं रिटर्न २० ऑक्टोबरला भरून झालेलं होतं, म्हणजे तिची चूक झाली तरी कुणाचं नुकसान होणार नव्हतं. ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी, तिने तो महिना स्वतः जुळवला आणि आपलं उत्तर भरलेल्या रिटर्नशी ताडून पाहिलं. तिचा आकडा सीनियरच्या आकड्यापेक्षा ३,२४० रुपयांनी जास्त येत होता. दोन दिवस शोधल्यावर तिला कारण सापडलं: पत्र्याच्या पार्टीने माल परत घेतल्याची क्रेडिट नोट वजा करायची राहिली होती. कागदावर तिने हे सगळं लिहिलं होतं, चुकीसकट. खाली एक ओळ होती: 'मॅडम, या एका क्लायंटची टूबी पुढच्या महिन्यापासून मी लावू का? एंट्री मीच करते. १६ तारखेला शीट देईन, तुमची वीस मिनिटं लागतील.'

मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला मला काही विचारच करावा लागला नाही, आणि सप्टेंबरच्या मागणीत आणि या मागणीत फरक होता तो एवढाच. कुठलं काम, कुठल्या क्लायंटचं, कुठल्या तारखेला, माझ्याकडून किती वेळ, हे सगळं कागदावर होतं. आणि ते काम तिच्या हातातल्या कामाला लागूनच होतं. एंट्री करणारा माणूस ती बिलं ऑफिसात सगळ्यांत जवळून ओळखतो. कुठली पार्टी बिल नंबर कसा टाकते, कुणाचं बिल दोनदा येतं, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. झेरॉक्सवरून थेट ऑडिटवर उडी मागणं आणि एंट्रीवरून जुळवणीवर एक पायरी मागणं, यांत हा फरक आहे.

तारखेचंही सांगायला हवं. सी.ए.च्या ऑफिसला महिन्याची नाडी असते. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला विक्रीचं रिटर्न, २० ला मुख्य रिटर्न. २१ नंतरचे दिवस जरा मोकळे. तिने २३ तारीख जाणून निवडली होती की नाही, मी विचारलं नाही, पण तीच मागणी १८ तारखेला आली असती तर कदाचित कागद न वाचताच मी बाजूला ठेवला असता. वर्षात सप्टेंबर आणि जुलैचा उत्तरार्ध असाच वाईट.

पुढचा महिना, म्हणजे ऑक्टोबरचा हिशेब, तिने खरोखरच्या रिटर्नसाठी केला. तो इथे उलगडून दाखवते, कारण 'अर्थपूर्ण काम' म्हणजे काय हे मला शब्दांत सांगण्यापेक्षा त्या शीटवर जास्त स्पष्ट दिसतं.

त्या महिन्यात १३२ बिलं होती. बुकांप्रमाणे आयटीसी २,१८,६४० रुपये, टूबीप्रमाणे १,८७,१४०. फरक ३१,५०० चा. टूबीत आहे पण बुकात नाही असं त्या महिन्यात काही निघालं नाही, सगळा फरक एकाच बाजूचा होता. पहिल्या फेरीत नंबरावरून जुळवताना एकोणीस बिलं अडली, पण ती खोटी अडचण होती. पार्टीने पोर्टलवर नंबर वर्षासकट टाकलेला, आपण नुसता आकडा टाकलेला. जीएसटी नंबर, तारीख आणि रक्कम यांवरून ती सगळी जुळली. नवशिक्या इथेच फसतो. अशी एकोणीस बिलं 'मिसिंग' दाखवून तो एवढी लांब यादी आणून देतो की तपासणारा वैतागतो आणि पुढच्या महिन्यात काम काढून घेतो.

खरा फरक तीन ठिकाणी होता. दोन छोट्या पार्ट्या तिमाही रिटर्न भरणाऱ्या होत्या आणि त्यांनी त्या महिन्याची बिलं पोर्टलवर चढवलीच नव्हती. त्यांचे ११,७०० रुपये. ही बिलं तिमाही संपल्यावर, १४ जानेवारीच्या टूबीत दिसणार, तोवर थांबायचं. दुसरं, एका मोठ्या पार्टीचं ८० हजारांचं बिल, त्यावरचे १४,४०० रुपये. ही पार्टी दरमहा भरणारी, म्हणजे तिने रिटर्न भरलं नव्हतं किंवा हे बिल विसरली होती. इथे थांबून भागत नाही, पाठपुरावा हवा. आणि तिसरं, ५,४०० रुपये, हे एकच बिल दोनदा चढलेलं. एकदा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून ०१४७ या नंबराने, एकदा मूळ बिलावरून १४७ या नंबराने. दोन्ही वेळा चढवणारी तीच होती. तिने ते शीटवर लाल रंगात लिहून आणलं होतं: 'माझी एंट्रीची चूक, दुरुस्त केली.'

सात महिने बिलं चढवून तिला हे कळलं नव्हतं की तिच्या बोटाखाली एक शून्य जास्त पडलं तर भोसरीतला एक माणूस सरकारकडून ५,४०० रुपये जास्त मागतो. त्या दिवशी कळलं. तिच्या एंट्रीतल्या चुका पुढच्या महिन्यापासून जवळजवळ थांबल्या. मी तिला त्याबद्दल कधीच काही बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाही.

मग माझी वीस मिनिटं. मी फरकाच्या यादीकडे फार बघितलं नाही, ती बरोबर होती. मी जुळलेल्या बिलांची यादी वरपासून खाली वाचली आणि एका ओळीवर थांबले. विम्याच्या हप्त्यावरचे ४,५०० रुपये. बुकात आहे, टूबीत आहे, पैशाचाही फरक नाही. मी विचारलं, "हा कशाचा विमा?" ती बिल घेऊन आली. मालकाच्या कारचा. "मॅडम, पण हे तर जुळलंय." मी तिला कायद्याचं कलम १७(५) उघडायला लावलं. तेराहून जास्त माणसं बसणार नाहीत अशा प्रवासी गाडीवरचा आणि तिच्या विम्यावरचा कर, काही ठरावीक व्यवसाय सोडले तर, वळता करून घेता येत नाही. पोर्टल ते बिल दाखवतं, कारण विकणाऱ्याने ते दाखवलंय. घ्यायचं की नाही हे आपण ठरवायचं. जुळणं वेगळं आणि मिळणं वेगळं. ही एक गोष्ट परीक्षेच्या पुस्तकात तिने वाचलेली होती, अगदी पाठ होती. समोरच्या बिलात मात्र ती ओळखता आली नव्हती.

शेवटी त्या महिन्याला १,८२,६४० रुपयांची आयटीसी घेतली. बुकाप्रमाणे घेतली असती तर ३६,००० रुपये जास्त घेतले गेले असते, आणि ते वापरले गेले असते तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याजासकट परत करावे लागले असते. १४,४०० च्या पार्टीला ती लगेच फोन करायला निघाली होती. मी थांबवलं. ती पार्टी आपली क्लायंट नाही, वर्कशॉपवाल्याची आहे. त्यांचे संबंध, त्यांची उधारी, त्यांचं बोलणं आपल्याला माहीत नसतं. आपण वर्कशॉपवाल्याला मेल लिहायचा आणि फोन त्याने करायचा. तो मेल तिने लिहिला, मी दोन वाक्यं बदलली. क्लायंटला गेलेला तिचा पहिला मेल तो.

या सगळ्यात माझी पंचवीस मिनिटं गेली, वीस नव्हे. पुढच्या महिन्यात पंधरा, चौथ्या महिन्यात दहा. तिला पहिल्यांदा सहा तास लागले होते, नंतर दोन. दुसऱ्या वर्षाच्या आर्टिकलचे दोन तास मोकळे झाले आणि तो ऑडिटला जास्त वेळ देऊ लागला. माझ्यासारख्या छोट्या ऑफिसवाल्यांना मी हे मुद्दाम आकड्यांत सांगतेय. नव्या मुलाला शिकवणं परवडत नाही असं आपण म्हणतो तेव्हा पहिल्या महिन्याची पंचवीस मिनिटं आपल्या डोळ्यांसमोर असतात, चौथ्या महिन्याची दहा नसतात.

आता त्या जुन्या वाक्याबद्दल, जे मी अनेक ज्येष्ठ सी.ए.ंकडून ऐकलं आहे आणि अर्ध्या मनाने मानतेही. 'आम्हीसुद्धा झेरॉक्स काढतच शिकलो.' झेरॉक्स काढताना कागद वाचणारा मुलगा शिकतो, हे खरं आहे. नोटीस कशी दिसते, तिच्यावर किती दिवसांची मुदत असते, उत्तराला कुठली कागदपत्रं जोडतात, हे मशीनपाशी उभ्या उभ्या कळतं. शंभर बिलं चढवली की शंभर धंद्यांची चव लागते. पण हे शिकणं लवकर संपतं. संपलं हे ओळखायची माझी एक खूण आहे. गेल्या दहा दिवसांत कामामुळे असा एकही प्रश्न पडला नसेल की जो कुणाला तरी विचारावा लागला, तर त्या कामाने शिकवायचं थांबवलंय. पहिल्या महिन्यात मुलं दिवसाला आठ प्रश्न विचारतात. 'हे बिल खर्चात की मालमत्तेत?' 'हा कर कशाचा?' तिसऱ्या महिन्यात ती शांत होतात, आणि आपण म्हणतो, पोरगं आता तयार झालं. ते तयार झालेलं नसतं, त्याच्यापुढचे प्रश्न संपलेले असतात.

माझ्या स्वतःच्या आर्टिकलशिपमध्ये मी आठ महिने स्वारगेटला, पीएमटी बिल्डिंगमधल्या आयकर कार्यालयात कागद पोचवत होते. पाकीट द्यायचं, पोचेचा शिक्का घ्यायचा, परत यायचं. त्या पाकिटांत काय असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं तर 'तुला काय करायचंय' असं ऐकावं लागेल अशी भीती होती. पुढे स्वतः प्रॅक्टिस सुरू केल्यावर पहिलं स्पष्टीकरणाचं पत्र लिहायला बसले तेव्हा मला कळलं की अशी काही डझन पत्रं माझ्या हातातून गेली होती आणि त्यांतलं एकही मी वाचलेलं नव्हतं. ते आठ महिने कुणी परत देत नाही. माझ्या प्रिन्सिपलना दोष देऊन मी मोकळी होऊ शकले असते, पण ऑफिस कॉपी कपाटातच असायची. 'ही मी वाचू का?' एवढंच विचारायचं होतं.

म्हणून निरोप्याचं काम करणाऱ्या मुलांनाही माझं सांगणं तेच आहे. येरवड्याच्या जीएसटी भवनात उत्तर द्यायला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी ते उत्तर वाचायला मागा, आणि पुढच्या वेळी सुनावणी असेल तर सरांबरोबर मागे बसायला मागा. बोलायचं नाही, लिहून घ्यायचं. परत आल्यावर काय झालं त्याची अर्ध्या पानाची नोंद सरांच्या टेबलावर ठेवायची. ती नोंद ऑफिसला हवीच असते आणि ती लिहायचा कंटाळा सगळ्यांना असतो. झेरॉक्सच्या शेजारचं काम ऑफिसात कुठलं पडून आहे, हे बाहेरच्या कुणापेक्षा मशीनपाशी उभ्या असलेल्या मुलाला जास्त दिसतं.

दोन मर्यादा मात्र पाळायलाच हव्यात. सराव करायचा तो ऑफिसातच. क्लायंटचा डेटा स्वतःच्या मेलवर पाठवणं, बिलांचे फोटो फोनमध्ये ठेवणं, घरी लॅपटॉपवर उघडणं हे शिकण्याच्या हौसेने केलं तरी विश्वासभंगच आहे. एका चांगल्या मुलाचं काम मी याच कारणासाठी काढून घेतलेलं आहे. आणि दुसरी, जुनं काम टाकून नवं मागायचं नाही. त्या मुलीने एंट्री सोडली नाही. सहा महिन्यांनी ती नव्या आर्टिकलला शिकवून मगच तिने हातावेगळी केली.

एम.कॉम.च्या मुलांची चार क्रेडिटची, साधारण १२० तासांची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, असते, त्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. १४ तारीख त्यांच्या वाट्याला एकदाच येते. त्यांनी पाच महिने थांबून चालणार नाही, पहिल्याच आठवड्यात एक बंद महिना, म्हणजे रिटर्न भरून झालेला महिना, सरावाला मागून घ्यावा.

इथवर मी मुलांना काय करावं ते सांगितलं. पण एवढ्यावर थांबले तर तो अन्याय होईल, कारण या व्यवहारात दोघं सारखे नाहीत. आर्टिकलशिप सुरू होताना जो करार होतो, त्यात शिकण्याची वाजवी संधी देण्याची जबाबदारी प्रिन्सिपलने स्वतःच्या सहीने घेतलेली असते. आठवड्याचे ३५ तास मुलगा देतो, त्या बदल्यात त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, आणि पगार नसण्याचं एकमेव समर्थन म्हणजे त्याला शिकवलं जातंय. शिकवणं काढून घेतलं तर उरतो तो बाजारभावापेक्षा स्वस्त कारकून. आणि तो सहजासहजी सोडूनही जाऊ शकत नाही. प्रशिक्षण संपल्याच्या फॉर्मवर सही प्रिन्सिपलची, मधेच थांबवायचं तरी फॉर्मवर सही त्याचीच. ज्याच्याकडे तक्रार आहे त्याचीच सही लागणार असेल तर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा गप्प राहतो, यात त्याचा भित्रेपणा शोधणं मला पटत नाही.

म्हणून मागणीचं उत्तर काय असावं, याचाही काही नियम हवा असं मला वाटतं. 'बघू' हे उत्तर नाही. उत्तर तीनच प्रकारचं असू शकतं: 'हो, या तारखेपासून', 'आत्ता नाही, या तारखेनंतर', किंवा 'नाही, या कारणासाठी'. सप्टेंबरमध्ये मी त्या मुलीला एवढंच म्हणायला हवं होतं, "ऑडिटला आत्ता नाही. १ ऑक्टोबरनंतर ये आणि कुठलं काम हवं ते लिहून आण." दहा सेकंदांचं वाक्य होतं. ते मी बोलले असते तर तिला ते महिनाभर स्वतः शोधून काढावं लागलं नसतं. आणि कुणी दोनदा असं लिहून मागूनही ज्या ऑफिसात 'बघू'च मिळतं, तिथे मुलाने आपली कामाची नोंदवही नीट भरायला घ्यावी, रोज खरं काय केलं ते: किती तास स्कॅनिंग, किती तास एंट्री. पुढे बदलीचा प्रश्न आला, सी.ए.च्या संस्थेकडे जायची वेळ आली, किंवा नुसतं प्रिन्सिपलसमोर बसून बोलायचं झालं तरी भावनेपेक्षा ती पानं जास्त बोलतात. नोंदीत 'ऑडिट' असं खोटं लिहून देणारी मुलं मी पाहिली आहेत. ती स्वतःच्याच हाताने आपला पुरावा पुसून टाकतात.

एक गोष्ट मला अजून छळते. ती मुलगी पुन्हा आली म्हणून तिला मिळालं. तिच्याच बरोबरीने लागलेला परांड्याकडचा एक मुलगा आमच्याकडे होता, तिच्याइतकाच नीटस काम करणारा. तो कधीच आला नाही. अकरा महिने त्याने स्कॅनिंग आणि एंट्री केली आणि एकदाही तोंड उघडलं नाही. मी त्याला समाधानी समजत होते. मागण्यावरच सगळं सोडलं तर मिळतं ते बोलक्यांना, आणि ज्याच्या घरात कुणी ऑफिस पाहिलेलं नाही, मोठ्या माणसाकडे काही मागायचं नसतं असंच जो ऐकत वाढला, तो मागे राहतो. हे मी लिहिलेल्या सल्ल्याचं उणेपण आहे आणि ते मुलांनी भरून काढायचं नाही.

त्यानंतर मी ऑफिसात एक बदल केला. दर महिन्याच्या २२ तारखेला संध्याकाळी चार ते सहा या वेळात मी फोन घेत नाही. प्रत्येक आर्टिकलला वीस मिनिटं. प्रत्येकाने एक बंद महिना, एखादं उत्तर, एखादी जुळवणी, जे काही स्वतःच्या कामाला लागून आहे ते करून आणायचं, आणि मी ते तपासायचं. आणलं नाही तर आपण दोघं मिळून काय आणता येईल ते ठरवायचं. पहिल्या २२ तारखेला तो मुलगा सगळ्यांत शेवटी आत आला. त्याने बँकेच्या पासबुकांचे स्कॅन महिनावार लावून एका क्लायंटच्या खात्यातले तीन चेक आणले होते, बुकात लिहिलेले पण बँकेत कधीच न वटलेले. सगळ्यांत जुना चौदा महिन्यांपूर्वीचा होता. "हे कधी लक्षात आलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "जूनमध्ये, मॅडम."

आम्ही बोलत होतो ती तारीख होती २२ मार्च.